कोल्ड ड्रिप टॉवर: थेंबांचा वेग सांभाळताना (५ एप्रिल ते ४ मे)

५ एप्रिल – साहित्य

कोल्ड ड्रिप म्हणजे गार पाणी थेंबाथेंबाने पुडीतून सोडून केलेली कॉफी. थेंबांचा वेग बदलला की तिच्या दाटपणात आणि चवीत काय फरक पडतो, हे बघायचं होतं. काचेचे तयार जपानी टॉवर दिसायला देखणे असतात, पण किंमत ऐकून बेत बदलला. टॉवरला लागतं काय तर वर बर्फाच्या पाण्याचं भांडं, त्याखाली थेंब मोजून सोडणारी तोटी, मग कॉफीचं नळकांडं, आणि तळाशी गोळा करायला बाटली. एवढं घरी जमवता येतं.

वर ७ सेंमी व्यासाची उभट अॅक्रिलिक बरणी घेतली. तळाला भोक पाडून ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला घट्ट बसणारं रबरी कडं, बसवलं. तोटीच्या जागी औषधाच्या दुकानातला सलाईनचा सेट वापरला. त्याच्या कुपीत थेंब डोळ्यांना दिसतात आणि रोलर फिरवून वेग कमी-जास्त करता येतो. या नळीतून फक्त पाणी जातं, कॉफी नाही. कॉफीसाठी घरातल्या एरोप्रेसचा, म्हणजे हाताने दाबून कॉफी करायच्या उपकरणाचा, सिलेंडर घेतला. त्यात ५० ग्रॅम पूड सुमारे ५ सेंमी उंच बसते आणि तळाला त्याचाच कागदी फिल्टर लागतो. स्टँड उरलेल्या सागवानी पट्ट्यांचा.

खर्च: बरणी १८० रुपये, दोन सलाईन सेट मिळून ९० (एक फुकट जाणार हे गृहीत धरा), ग्रोमेट आणि स्क्रू ६०. द्रवात किती पदार्थ विरघळलेत ते प्रकाशाच्या वळण्यावरून दाखवणारा साधा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर १,४०० रुपयांना पडला. सगळ्यात महाग वस्तू तीच, पण तिच्याशिवाय पुढच्या नोंदींना अर्थ उरला नसता. पाणी शुद्धीकरण यंत्राबरोबर मिळतो तो टीडीएसचा पेन इथे चालत नाही. तो पाण्यातले क्षार मोजतो, कॉफीतली साखर, तेलं त्याला दिसत नाहीत.

सेटच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं असतं. खात्री केली: २०० थेंबांचं वजन १०.२ ग्रॅम भरलं. थेंब कुपीतलेच मोजायचे. नळीच्या टोकाशी पडणारा थेंब वेगळ्या आकाराचा असतो आणि तो मोजला की सगळा हिशेब चुकतो.

६ एप्रिल – पहिला घाणा

चिकमंगळूरची एस. ७९५ वाणाची अरेबिका, वॉश्ड म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली, मध्यम भाजलेली, भाजून आठ दिवस झालेली. दळण साध्या ड्रिप कॉफीपेक्षा किंचित जाड. ५० ग्रॅम पूड आणि एकूण ५०० ग्रॅम पाणी.

रोलर नळाच्या पाण्यावर मिनिटाला ६० थेंबांवर लावला, मग बरणीत बर्फ टाकला. वीस मिनिटांनी मोजलं तर ३५. रोलरला कोणी हात लावला नव्हता. गार पाणी जड वाहतं: शून्याजवळच्या पाण्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, २५ अंशांच्या पाण्याच्या दुप्पट असते, म्हणून त्याच फटीतून ते जवळजवळ निम्म्या वेगाने झिरपतं. वेग लावायचा तो बर्फ टाकल्यावर, वीस मिनिटं थांबून.

दुसरीही एक गोष्ट आहे. रोलरखाली दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू आणखी चेपत जाते, त्यामुळे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत वेग आपोआप उतरतो. त्यानंतर एकदा पुन्हा मोजून दुरुस्त केलं की ती बऱ्यापैकी स्थिरावते.

८ एप्रिल – वेग टिकत नाही

आज सगळं गार करून ६० थेंब लावले. शेवटी शेवटी ३२ वर आलं होतं. कारण बांधणीत होतं. स्टँड नेटका दिसावा म्हणून नळी आखूड कापली होती, तिचं टोक बरणीच्या तळापासून १५ सेंमी खाली. सुरुवातीला बरणीत १२ सेंमी पाणी, म्हणजे एकूण उंची २७. पाणी संपत आलं की उरली १५. वेग उंचीच्या प्रमाणात, म्हणून तो जवळजवळ निम्मा झाला. हिशेब आधी केला असता तर एक सेट वाचला असता.

९ एप्रिल – लांब नळी, आणि नवी अडचण

दुसरा सेट न कापता लावला. बरणी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, नळीचं टोक ११० सेंमी खाली. आता उंची १२२ वरून ११० होते, त्यामुळे ४५ थेंबांचे शेवटी ४० राहिले. वेगाचा प्रश्न सुटला म्हणून समाधान वाटलं, ते कप तोंडाला लावेपर्यंत टिकलं. चवीला आंबूस, पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखा वास.

कॉफीच्या थरात थर्मामीटर खुपसला तर २८ अंश. स्वयंपाकघर ३३ अंशांवर. बर्फाचं पाणी मिनिटाला सव्वादोन मिली इतक्या संथपणे दीड मीटर नळीतून येताना वाटेतच तापत होतं. वर बर्फ दिसतो म्हणून कॉफी गारच आहे असं समजू नये. थर्मामीटर थरात घालून बघावा.

१२ एप्रिल – हवेची नळी

आखूड नळी हवी आणि उंचीही बदलायला नको, यावर जुना उपाय आहे: बरणी हवाबंद करायची आणि झाकणातून एक नळी आत सोडून तळापासून २ सेंमीवर थांबवायची. मग पाणी कितीही असो, दाब त्या नळीच्या खालच्या टोकापासूनच मोजला जातो. भौतिकशास्त्रात हिला मॅरियटची बाटली म्हणतात. स्टीलचा स्ट्रॉ ४० रुपयांना मिळाला, झाकणात रबरी ग्रोमेटमधून घट्ट बसवला.

नीट चालत असेल तर स्ट्रॉच्या टोकातून थोड्या थोड्या वेळाने बुडबुडा सुटताना दिसतो. आज पहिल्या तासात एकही सुटला नाही आणि वेग ४५ वरून ६० च्या वर गेला. झाकण गळत होतं, हवा कडेने आत येत होती. झाकणाच्या खाचेत सिलिकॉनची चकती घातली आणि बुडबुडे सुरू झाले. त्यानंतर तीन तासांत वेग ४४ ते ४७ च्या बाहेर गेला नाही.

स्ट्रॉच्या टोकाखालचं सुमारे ७५ मिली पाणी बरणीत ठेवायचं. पातळी त्याखाली गेली की वेग पुन्हा उतरायला लागतो. म्हणून बर्फ आणि पाणी मिळून तेवढं जास्त भरायचं.

१३ एप्रिल – फुकट गेलेली रात्र

रात्री अकराला लावून झोपलो. सकाळी बाटलीत जेमतेम ९० ग्रॅम आणि थेंब बंद. रोलरच्या फटीत हवेचा बुडबुडा अडकला होता. गार पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते. ते नळीत थोडं तापलं की ती हवा बारीक बुडबुड्यांनी सुटते आणि सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसते. ओली कॉफी रात्रभर तशीच थांबून आंबली, ती ओतून दिली.

उपाय: पाणी उकळून, झाकून, फ्रिजमध्ये गार करून वापरायचं. बर्फही उकळलेल्या पाण्याचाच, आणि मोठे खडे. चुरा असला की त्याचे तुकडे तळाच्या भोकाशी अडकतात. तेव्हापासून थेंब थांबलेले नाहीत. तरी रात्री लावून झोपणं बंद केलं.

१५ एप्रिल – चोथा कापून बघितला

कॉफी पातळ आणि तरी कडवट लागली. दोन्ही एकत्र म्हणजे पाणी एकाच वाटेने गेलं असा संशय आला. सिलेंडरमधून चोथ्याची वडी अख्खी बाहेर ढकलली आणि सुरीने उभी कापली. मधोमध फिकट तपकिरी खांब, कडेला काळपट पूड आणि तळाच्या एका कोपऱ्यात चक्क कोरडी पूड. थेंब एकाच जागी पडून तिथेच भोक पाडत होता.

दोन गोष्टी केल्या. पूड आधी तिच्याच वजनाच्या म्हणजे ५० ग्रॅम पाण्याने भिजवून चमच्याने ढवळली, कोरडी गुठळी राहू दिली नाही, वर सपाट करून वीस मिनिटं ठेवली. मग थरावर कागदी फिल्टरची एक चकती टाकली. थेंब कागदावर पडून चहूकडे पसरतो. पुढच्या वडीचा काप कडेपासून कडेपर्यंत एकसारखा निघाला.

कापून न बघता ओळखायची खूणही मिळाली. ५० ग्रॅम पूड साधारण १०० ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्यातलं ५० भिजवतानाच गेलेलं असतं. उरलेलं ५० ग्रॅम ४५ च्या वेगाने यायला बावीस मिनिटं लागतात, म्हणून खालच्या बाटलीत पहिला थेंब त्या सुमारास पडायला हवा. बिघडलेल्या घाण्यात तो आठव्या मिनिटाला पडला होता. असं झालं तर तिथेच थांबवून ढवळावं, पुढचे तीन तास वाया घालवू नयेत.

१८ ते २२ एप्रिल – तीन वेग

यंत्र आता विश्वासाचं झालं, म्हणून मूळ प्रश्न हाती घेतला. तीच कॉफी, तेच दळण, ५० ग्रॅम पूड, ५० ग्रॅम पाण्याने भिजवण आणि वरून ४५० ग्रॅम. प्रत्येक वेगाचे दोन घाणे, खाली दिलेले आकडे दोन्हींची सरासरी. प्रत्येक वेळी बाटलीत सुमारे ४०० ग्रॅम कॉफी आली. ब्रिक्सच्या आकड्याला ०.८५ ने गुणलं की विरघळलेल्या पदार्थांची टक्केवारी मिळते, आमच्या कामाला एवढी अचूकता पुरते. नमुना आधी कागदातून गाळायचा, नाहीतर बारीक पूड काचेवर येऊन रेघ धूसर दिसते.

९० थेंब, १ तास ४० मिनिटं: ब्रिक्स २.३. पुडीतला १५.६ टक्के भाग कपात आला. थराचं तापमान १५ अंश. चव आंबट, वासाला छान, पण घोट गिळला की मागे काहीच उरत नाही.

४५ थेंब, ३ तास २० मिनिटं: ब्रिक्स २.७, कपात १८.४ टक्के. थर १९ अंश. आंबटपणा आहे पण गोडसर, आणि घोटाला वजन आहे.

३० थेंब, ५ तास: ब्रिक्स २.८, कपात १९ टक्क्यांच्या जवळ. थर २२ अंश. दाटपणा ४५ च्या जवळपास तेवढाच. वास मात्र जड, मद्यासारखा, आणि शेवटी जिभेवर लाकडी कोरडेपणा.

म्हणजे ९० वरून ४५ वर आल्याचा फायदा मोठा, ४५ वरून ३० वर गेल्याचा नगण्य. वर ३० ला एक तोटा लपलेला आहे: पाणी जितकं संथ, तितका गारवा कमी येतो आणि थर तितका तापतो. उन्हाळ्यात या चवीतला बराचसा भाग संथपणाचा नसून उबेचा आहे. थंड खोलीत ३० चा निकाल वेगळा येईल, पण एप्रिलमधल्या पुण्यात हे असंच आहे.

२४ एप्रिल – शंभर-शंभर ग्रॅमचे चार ग्लास

खालची बाटली वजनकाट्यावर ठेवून दर १०० ग्रॅमला बदलली. दाटपणा कुठून येतो ते या दिवशी उघड झालं.

४५ च्या वेगाला चार ग्लासांचे ब्रिक्स: ७.०, २.२, १.०, ०.६. तर ९० च्या वेगाला ४.९, २.२, १.३, ०.८. आणि ३० ला ७.४, २.२, १.०, ०.६.

पहिला ग्लास सोडला तर तिन्ही वेग जवळजवळ सारखेच. संथ थेंबाचं सगळं काम पहिल्या शंभर ग्रॅममध्ये होतं: पाणी थरात जास्त वेळ राहतं, खालच्या पुडीपर्यंत पोचेपर्यंत भरून येतं आणि पाकासारखं बाहेर पडतं. मद्रासी फिल्टरचं पहिलं डिकॉक्शन दाट आणि दुसरं पाणचट, हे ज्यांच्या घरी रोज होतं त्यांना हे नवीन वाटणार नाही. इथे फक्त ती दोन्ही एकाच बाटलीत पडतात.

चौथा ग्लास वेगळा प्यायलो. गार झालेला, साखर न घातलेला कोरा चहा, त्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. पुडीच्या फक्त एक टक्क्याएवढा अर्क त्यात आहे आणि तिन्ही ग्लासांची चव तो बिघडवतो. त्यामुळे आता ३०० ग्रॅमला थांबवतो आणि १०० ग्रॅम गार पाणी वरून घालतो. वेळही वाचतो: ३ तास २० मिनिटांऐवजी २ तास ३५ मिनिटं.

२६ एप्रिल – भिजवलेला कोल्ड ब्रू समोर ठेवला

तीच ५० ग्रॅम पूड ५०० ग्रॅम पाण्यात, फ्रिजमध्ये १४ तास, मग स्टीलच्या बारीक जाळीतून आणि पंच्यातून गाळली. हाती आलं ३९२ ग्रॅम, ब्रिक्स २.२. कपात १४.७ टक्के.

ड्रिपपेक्षा हे कमी का, याचं उत्तर चोथ्यात आहे. भिजवताना पाणी आणि पूड यांच्यात तोल साधला की अर्क सुटणं थांबतं. २०१७ साली सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, खोलीच्या तापमानाला कॅफिन आणि क्लोरोजेनिक आम्ल साधारण ४०० मिनिटांत या तोलावर पोचलेलं दिसलं. मग गाळताना शंभरेक ग्रॅम पाणी चोथ्यात राहतं, आणि ते कपातल्या कॉफीइतकंच कडक असतं. ते फेकलं जातं. ड्रिपमध्ये चोथ्यात शेवटी राहतं ते धुऊन निघालेलं फिकं पाणी. भिजवलेल्या चोथ्यावर शंभर ग्रॅम गार पाणी हळूहळू ओतून गाळलं तर त्यातला बराच अर्क परत मिळतो. करून बघण्यासारखं आहे.

चवीची तुलना सारख्या कडकपणावर, म्हणजे सारख्या ब्रिक्सवरच करायची, नाहीतर जे कडक तेच दाट वाटतं. ४५ च्या पूर्ण ४०० ग्रॅम ड्रिपमध्ये ९० ग्रॅम पाणी घालून ती २.२ ब्रिक्सवर आणली. चौघांना खुणा न सांगता तीन-तीन ग्लास दिले, दोन एकाचे आणि एक दुसऱ्याचा. चौघांनीही वेगळा ग्लास बरोबर ओळखला. ड्रिप स्वच्छ, वासाला फळासारखी, आंबटपणा टोकदार. भिजवलेली गोल, चॉकलेटकडे झुकणारी, वासाला बसकी.

दाटपणाचा निकाल मात्र उलटा लागला. सारख्या कडकपणावर भिजवलेली कॉफीच जास्त दाट लागते, असं तिघांचं म्हणणं. ड्रिप दाट असते हे आम्ही इतके दिवस बोलत होतो ते फक्त ती कडक असल्यामुळे.

२९ एप्रिल – संशय गाळणीवर

भिजवलेल्या कॉफीत जाळी आणि पंच्यातून बारीक पूड व तेल उतरतं. ड्रिपमध्ये आधी पुडीचा थरच गाळणीचं काम करतो आणि वर तळाशी कागद. म्हणून भिजवलेल्या कॉफीचा अर्धा भाग पुन्हा एरोप्रेसच्या कागदातून गाळला. त्याला पाऊण तास लागला, कागद दोनदा तुंबला, आणि दोन चकत्या बदलाव्या लागल्या. गाळलेली कॉफी घोटाला ड्रिपइतकीच हलकी लागली. चॉकलेटी चव मात्र तशीच राहिली.

तापमानाचाही फरक होता: फ्रिज ४ अंश, ड्रिपचा थर १९. त्यासाठी एक घाणा थर्मोकोलच्या पेटीत बर्फाची बाटली ठेवून १८ ते २० अंशांवर ७ तास भिजवला. ब्रिक्स २.४ आला, वास थोडा मोकळा झाला, पण ड्रिपचा टोकदारपणा त्यात आला नाही. तो वरून सतत कोरं पाणी येण्यामुळेच आहे असं आमचं मत पक्कं झालं.

२ मे – कागदाऐवजी स्टीलची चकती

तळाचा कागद काढून एरोप्रेसला बसणारी बारीक भोकांची स्टीलची चकती लावली, ३५० रुपये. वरचा कागद तसाच ठेवला, तो पाणी पसरवायला हवाच. पहिल्या घाण्यात बाटलीच्या तळाला गाळाचा थर बसला, कारण सुरुवातीचे थेंब सैल बारीक पूड घेऊन उतरतात. दुसऱ्या वेळी दळण चहाच्या गाळणीतून झटकून घेतलं, ५० ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम भुकटी खाली पडली, तेवढी पूड वाढवली. गाळ नावापुरता राहिला.

२.२ ब्रिक्सवर आणून प्यायलो तर घोट भिजवलेल्या कॉफीच्या जवळ आणि वास ड्रिपचाच. दुधाच्या बर्फाळ कॉफीला हीच चांगली. नुसती पिणाऱ्यांपैकी दोघांना अजूनही कागदाचीच आवडते.

४ मे – आत्ता चालू असलेली मापं

५० ग्रॅम पूड, ५० ग्रॅम पाण्यात ढवळून वीस मिनिटं. बरणीत उकळून गार केलेलं पाणी आणि मोठे बर्फाचे खडे मिळून ४५० ग्रॅम: ३५० थेंबांनी सोडायचं, ७५ तळात राहायचं, थोडं हाताशी. वेग ४५, पहिला थेंब वीस ते पंचवीस मिनिटांत. पंधराव्या मिनिटाला आणि तासाने वेग पुन्हा मोजायचा. बाटलीत ३०० ग्रॅम झाले की काढून १०० ग्रॅम गार पाणी, लगेच फ्रिजमध्ये. तिसऱ्या दिवसानंतर वास उतरतो, चौथ्या दिवशी ती दुधातच वापरावी.

सलाईनची नळी दर आठवड्याला नवी. आतून चिकट लागली तर त्याआधीच.